विचलन निरंक

"पत्र लांबवू नकोस. काय काय जोडलंय ते सांग, सगळ्या अटी पाळतो म्हणून सांग, आणि नमस्कार करून बाजूला हो."

मामांनी हे सांगितलं तेव्हा ती कारखान्यात नवी होती. कारखाना मामांचा. तिथे हॉस्पिटलच्या खाटा बनत. टेंडरसोबत जाणारा ईमेल कसा लिहायचा हे तिला त्यांनीच शिकवलं. वर टेंडरचा क्रमांक. मग जोडलेल्या फायलींची यादी: तांत्रिक प्रस्ताव, अनुपालनाचं विवरण, आणि पासवर्ड घातलेली दरांची वेगळी फाइल. शेवटी एक वाक्य, जे प्रत्येक मेलमध्ये तेच असे. 'आम्ही सर्व अटी व तांत्रिक निकष वाचले असून त्यांचे पूर्ण पालन करतो. विचलन निरंक.' म्हणजे एकाही अटीपासून फरक नाही.

ते वाक्य तिने आज सकाळी पुन्हा लिहिलं होतं, आणि आता दुपारी तो पाठवलेला मेल उघडून ती त्याच्याकडेच बघत बसली होती.

या खेपेचं टेंडर वृद्धांच्या सरकारी हॉस्पिटलचं होतं. नवीन इमारतीतल्या सगळ्या वॉर्डांच्या खाटा. मोठं काम. ते मिळालं तर वेल्डिंगच्या शेडमधली दुसरी पाळी चालू राहणार होती, नाहीतर बंद. हे मामांनी कुणापासून लपवलं नव्हतं.

तिचं एक व्रत होतं. पहाटे दिवा लावून प्रार्थना, आणि नंतर अकरा वाजेपर्यंत मौन. कामात खंड नसे. ती टाइप करी, चिठ्ठ्या लिही, मान हलवी, फक्त बोलत नसे. ऑफिसला याची सवय झाली होती. "आमचं टेंडर खातं बँकेपेक्षा उशिरा उघडतं," असं मामा पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

सकाळी मौन सुटायच्या आधी मोजपट्टी आली होती. ही डिझाइनची इंजिनिअर, नुकतीच लागलेली पोरगी. खिशात कायम टेप असे म्हणून शेडमधल्या लोकांनी तिचं हे नाव ठेवलं, आणि तिनेही ते आनंदाने वापरलं. अनुपालनाचं विवरण तिने भरून पाठवलं होतं. डावीकडे हॉस्पिटलची एकेक अट, उजवीकडे आपलं उत्तर.

"ताई, त्या विवरणातलं एक बोलायचं होतं."

तिने हसून ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे दाखवलं.

"अरे हो. बरं, मला लॅबला निघायचंय, फोन करा मला मौन सुटल्यावर," म्हणून मोजपट्टी गेली.

नंतर तिने विवरण उघडलं. प्रत्येक अटीसमोर 'पालन' लिहिलेलं, मोजपट्टीच्या स्वभावाप्रमाणे प्रत्येक ओळीत पुन्हा टाइप केलेलं. मधली एकच चौकट रिकामी. खाटेच्या कठड्याच्या दांड्यांमधलं अंतर.

आता या कारखान्यात रिकाम्या चौकटीचा एक अर्थ होता. पूर्वीचे ड्रॉइंगवाले काका लिहायचा कंटाळा करत. एकदा 'पालन' लिहिलं की खालच्या चौकटी मोकळ्या सोडत, आणि ती माउसने वरचा शब्द धरून खाली ओढून घेई. रिकामं म्हणजे वरच्यासारखं. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं.

पण काका सगळ्याच चौकटी रिकाम्या सोडत. भरलेल्या ओळींच्या मधोमध एकच रिकामी सोडणं हे काकांचं काम नव्हतं. तिचा हात माउसवर थांबला. थांबला होता हे तिला आता स्वच्छ आठवत होतं.

घड्याळात अकरा वाजून गेले होते. मौन सुटलं होतं. फोन शेजारीच पडला होता.

"झालं का गं?" मामा दारातून म्हणाले. "दुपारनंतर त्यांचा सर्व्हर पेंगतो. मागच्या वेळी आठवतंय ना? पाठवून टाक आणि सुट."

तिने वरचा शब्द धरला आणि खाली ओढला. मामांनी छापलेल्या विवरणावर सही केली, तिने तो स्कॅन केला, मेल गेला. लगेच पलीकडून पोच आली. मामा खूश होऊन शेडकडे गेले. तिला जेवण गेलं नाही, पण ते का हे तिने स्वतःला विचारलं नाही.

मोजपट्टी जेवणाच्या सुट्टीनंतर परतली. हेल्मेट काखेत तसंच.

"ताई, तुम्ही फोन नाही केलात? मी वाट बघत होते. त्या चौकटीचं काय केलं?"

"गेलं ते."

"गेलं म्हणजे?"

"पालन म्हणून गेलं."

मोजपट्टीने हेल्मेट टेबलावर ठेवलं. "मी ती मुद्दाम रिकामी ठेवली होती. 'नाही' लिहायला मला भीती वाटली, तुम्हाला विचारून लिहायचं होतं."

"अगं, आपल्याकडे रिकामं म्हणजे..." ती बोलू लागली आणि मध्येच गप्प झाली. सबब तयार होती. मोजपट्टी नवी, तिला पद्धत माहीत नाही, कुणालाही पटलं असतं. "नाही. मला शंका आली होती," ती म्हणाली. "मी विचारलं नाही."

 "चला, दाखवते," मोजपट्टी म्हणाली.

खालच्या खोलीत नमुन्याची खाट होती. गादी घातलेली, कठडे वर केलेले. मोजपट्टीने कपाटातून लाकडाचा गोल ठोकळा काढला. बारा सेंटिमीटर जाडीचा. "अट काय, की हा कुठूनही आरपार जाता कामा नये. म्हणजे माणसाचं डोकं जाणार नाही. आता बघा."

तिने तो मधल्या दांड्यांत लावला. अडकला. पुढच्या फटीत लावला. अडकला. मग बिजागरीजवळच्या फटीत, जिथे कठडा खाली पडायला जागा लागते म्हणून दांडी थोडी दूर होती. ठोकळा पलीकडे गेला. सहज, आवाजही न करता, मोजपट्टीच्या हातात.

"हाडकुळी म्हातारी माणसं असतात ना," मोजपट्टी म्हणाली. "झोपेत कूस बदलतात. सरकतात खाली."

तिने कठड्याला हात लावला. थंड होता. तिला वाटलं, अकरापर्यंत मी बोलत नाही म्हणून लोक मला भाविक म्हणतात. आणि अकरानंतर मी बोलले नाही, त्याला काय म्हणायचं?

"पाच वाजेपर्यंत मुदत आहे," ती म्हणाली. "मुदतीच्या आत आधीचा प्रस्ताव मागे घेऊन पूर्ण नवा संच देता येतो, तसं त्यांनी लिहिलंय. नंतर मात्र एक अक्षर बदलता येत नाही."

मामा केबिनमध्ये चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

"एक दांडी वाढवू की. काम मिळाल्यावर."

"वाढवली तर कठडा खाली जाताना अडकतो, सर," मोजपट्टी म्हणाली. "बिजागरीच बदलायला लागेल. ड्रॉइंग मी आज देते, पण चाचणी परत करावी लागेल."

"मग करू ना चाचणी. त्यासाठी आज बोंब कशाला मारायची? सगळे पूर्ण पालनच लिहितात. कोण कठड्यात डोकं घालून बघतं?"

"म्हातारे घालतील, मामा," ती म्हणाली.

मामांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. ती कधी असं बोलत नसे. वडील गेल्यावर त्यांनीच तिला घरी आणली, शिकवली, या खुर्चीवर बसवली.

"ही अट सक्तीची आहे. फरक आहे असं लिहिलं तर आपल्याला तिथेच बाजूला काढतील. दराची फाइल उघडणारसुद्धा नाहीत. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि सकाळी तूच पाठवलंस."

"मीच पाठवलं. सही तुमची घेतली, आणि रिकामी चौकट तुम्हाला दाखवली नाही. ती चूक माझी आहे. पण आता माहीत असून तसंच राहू दिलं, तर तुमच्या सहीने खोटं जाईल."

"नवऱ्याशी पण अशीच भांडतेस का गं?" मामा म्हणाले, पण हसले नाहीत. खिडकीतून शेडचं छप्पर दिसत होतं. ते तिकडे बघत म्हणाले, "मघाशीच शेडच्या मिस्त्रींना सांगून आलो. टेंडर गेलं, आता काळजी नको. कशाला सांगितलं मी? तोंड आवरत नाही माझं." मग तिच्याकडे वळून, "लिही. सही करतो. पण शेडमध्ये मी जाणार नाही परत. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"मी सांगते त्यांना. मेल गेला की लगेच जाते."

"काय सांगशील?"

"जे झालं ते. माझं नाव घालून."

"बघ हं. तिथे कुणी ताई म्हणून सोडणार नाही."

"नाही सोडलं तर नाही."

ती जागेवर येऊन बसली. विवरणात कठड्याच्या अटीसमोरचा शब्द काढला आणि तिथे मोजपट्टीने सांगितलेलं लिहिलं: 'सध्याच्या नमुन्यात बिजागरीजवळ पालन होत नाही. बदललेल्या कठड्याचे ड्रॉइंग सोबत. चाचणी अहवाल नमुना तपासणीपूर्वी सादर करू.' विचलनाच्या पानावर 'निरंक' होतं, तिथे तीच अट नोंदवली. मोजपट्टी शेजारी बसून रेखाटन पुरं करत होती, ओठ दाताखाली धरून. मामा आले, उभ्याउभ्याच प्रत्येक पानावर सही करून गेले.

मग ईमेल. 'आज सकाळी पाठवलेला प्रस्ताव आम्ही मागे घेत असून त्याऐवजी सोबतचा संपूर्ण संच ग्राह्य धरावा, ही विनंती. सकाळच्या विवरणात एका अटीचे पालन चुकीने दर्शवले होते.' 'चुकीने' या शब्दावर ती थांबली. चूक होती का ती? पण हॉस्पिटलला तिच्या मनाशी काय देणंघेणं, म्हणून तो शब्द तसाच ठेवला. टोचत राहिला, तरी ठेवला. 'या एका अटीखेरीज सर्व अटींचे पालन करतो. विचलन सोबतच्या पत्रकात.' फायली एकेक उघडून तपासल्या, दराची फाइल होती तशी कुलपासकट जोडली, आणि पाठवला.

पोच यायला या वेळी उशीर लागला. दोघी स्क्रीनकडे बघत बसल्या. आली तेव्हा मोजपट्टीने नुसता श्वास सोडला.

"मी येऊ का ताई खाली?"

"नको. तू ड्रॉइंगचं बघ."

"मिस्त्री तापट आहेत."

"असू देत. त्यांचा हक्क आहे तो."

तिने पोचेचं पान छापून मामांच्या टेबलावर ठेवलं. मामांनी वर पाहिलं नाही. तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते स्वतःचीच सुटका करून घेतल्यासारखं झालं असतं, म्हणून तशीच वळली.

जिन्यात वेल्डिंगचा वास येत होता. खाली कुणीतरी मोठ्याने हसत होतं, बहुधा सकाळची बातमी अजून ताजी होती. तिने पदर खांद्यावर नीट घेतला आणि जिन्याचा कठडा न धरता ती हळूहळू पायऱ्या उतरू लागली.