सगळं वेळेवर चाललं होतं

शाळेचं वार्षिक संमेलन हा विद्यार्थ्यांच्या सुप्त गुणांना वाव देणारा, त्यांच्या व्यक्तिमत्त्वाला आकार देणारा आणि शाळा व समाज यांना जोडणारा एक मंगल सोहळा असतो. प्रत्यक्षात तो पडदा ओढण्याचा कार्यक्रम असतो. पडदा उघडायचा, मिटायचा, आणि मिटलेला असताना मागे जे काही चाललंय ते पुढच्यांना कळू द्यायचं नाही. बाकी सगळं पालकांनी फोनवर टिपून घेण्यासाठी असतं.

हे भूगोलाच्या बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्या या शाळेत हंगामी होत्या आणि सलग सहा वर्षं हंगामीच होत्या. दर वर्षी मिनिटा-मिनिटाचं वेळापत्रक त्यांच्याच गळ्यात पडायचं, कारण हंगामी माणसाला नाही म्हणता येत नाही. यंदा मात्र नवे मुख्याध्यापक आले होते. त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं होतं, "बाई, पत्रकाप्रमाणे कार्यक्रम झाला, की तुम्हाला कायम करण्याच्या शिफारशीवर मी दुसऱ्या दिवशी सही करतो. आणि नाही झाला, तर मलाही वाईट वाटेल."

वाईट वाटेल हे शब्द त्यांनी फार गोड उच्चारले होते.

बाईंनी पत्रक केलं. वेळ, कार्यक्रम, पडदा, माइक, दिवे, आणि शेवटच्या रकान्यात पुढचा गट कुठे उभा राहील ते: एक गट विंगेत, त्याच्या पुढचा मागच्या दारात. असं पत्रक करणाऱ्याला एक गोष्ट आधीच माहीत असावी लागते, की सगळे खोटं बोलतात. नाचाच्या मॅडम "पाचच मिनिटांचं आहे हो" म्हणाल्या की आठ धरायची. बक्षिसांना वीस सांगितली की पस्तीस. कागदावर वीसच लिहायची, मनात पस्तीस ठेवायची, आणि त्या मनातल्या पस्तिसाच्या आडोशाला आपली कामं उरकून घ्यायची. बाईंची सहा संमेलनं याच आडोशाला पार पडली होती.

या वेळचं आडोशाचं काम होतं दीपगृह.

नववीच्या नाटकात दीपगृह होतं. चाकांवरचा खालचा सांगाडा, त्यावर बसणारा वरचा सांगाडा, त्याला कठडा, आणि वर सहा मुली. उंची दोन माणसांएवढी. अखंड आणायचं तर सभागृहाच्या मागच्या दारातून ते येत नव्हतं, म्हणून तुकड्यांत आणून रंगमंचावर जोडायचं. आठ बोल्ट, चार चाकांचे ब्रेक, आणि शेवटी सुतारकाकांनी स्वतः वर चढून पाय आपटून बघायचं. सोळा मिनिटं. मुख्याध्यापकांना दोन कार्यक्रमांत चार मिनिटांवर फट चालत नव्हती. म्हणून बाईंनी ते काम प्रमुख पाहुण्यांच्या भाषणामागे लपवलं. पडदा बंद, पाहुणे पडद्यापुढे, दीपगृह पडद्यामागे. पत्रकात लिहिलं, 'सात वीस: प्रमुख पाहुणे, दहा मिनिटं. सात तीस: नाटक.'

दहा कशी पुरणार? पुरायची गरजच नव्हती. पाहुणे बाईंनीच सुचवले होते, आणि ते पारखून. दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं आणि उत्तर शून्य, अशा श्रोत्यांची त्यांना आयुष्यभराची सवय. दुसऱ्या एका शाळेत ते पन्नास मिनिटं बोलल्याचं बाईंनी स्वतः ऐकलं होतं.

संध्याकाळी साडेपाचला पडदा उघडला. साडेपाचला. पाच छत्तीसला नव्हे, पाच एक्केचाळीसला नव्हे. बाईंनी घड्याळ दोनदा पाहिलं.

स्वागतगीत चार मिनिटांत संपलं. लहान गटाचा नाच पाच मिनिटांचा सांगितला होता, तो पाच मिनिटांत संपला आणि नाचाच्या मॅडम विंगेत येऊन म्हणाल्या, "मी गाणंच कापून आणलं. सर म्हणाले ना, वेळ झाली की माइक बंद."

"कुणाला म्हणाले?"

"सगळ्यांना. तुम्हाला नाही म्हणाले?"

बाईंना म्हणायची गरज नव्हती, त्यांना माइक फक्त शेवटी आभारांपुरता होता. त्यांनी पत्रकाकडे पाहिलं. त्यात लिहिलेलं प्रत्येक मिनिट खरं ठरत चाललं होतं. बक्षिसं वीस मिनिटांत वाटून झाली. मुलं बक्षीस घेऊन अक्षरशः पळत उतरत होती. कुणी अडखळलं नाही, कुणाचा सदरा खिळ्याला अडकला नाही, कुणी रडलं नाही. आडोसे एकामागून एक नाहीसे होत होते. इतकं सुरळीत संमेलन बाईंनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

वॉकीटॉकीवर मुख्याध्यापकांचा आवाज आला. पहिल्या रांगेत बसून ते हळू आवाजात बोलत. "बाई, अप्रतिम. शून्य मिनिट उशीर."

"सर, पाहुण्यांना घाई करू नका हं. मोठा माणूस आहे."

"छे छे. मी त्यांना फक्त पत्रक दाखवलंय."

सात वीसला पडदा मिटला. पाहुणे पुढे गेले. मागचं दार उघडलं आणि सुतारकाका दोन माणसांसह खालचा सांगाडा ढकलत आत आले. वरचा सांगाडा उचलून त्यावर बसवला. काका पाना घेऊन वाकले. पडद्यापलीकडून पाहुण्यांचा भारदस्त आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. पडदा जाड होता. म्हणूनच तालमीत मुलींना सांगून ठेवलं होतं की टाळ्या पडल्या की वर चढायचं, कारण टाळ्या तेवढ्या आत ऐकू येतात.

शेवटचे शब्द मात्र ऐकू आले, कारण डॉक्टरांनी ते आवाज चढवून म्हटले. "मला दहा मिनिटं दिली आहेत. मी तीनच घेतो. सात मुलांना परत देतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या टाळ्या त्या संध्याकाळी कुणालाच मिळाल्या नव्हत्या.

बाई वळल्या तोवर मुली शिडीवर होत्या. शिकवल्याप्रमाणे, रांगेत, न बोलता, झपाझप. पाचजणी वर पोहोचल्या, सहावी शेवटच्या पायरीवर. वरचा सांगाडा किंचित पुढे झुकला आणि थांबला. लाकूड कुरकुरलं.

"अगं ए, थांबा!" सुतारकाका दबक्या आवाजात ओरडले. "बाई, दोनच बोल्ट बसलेत! आणि हे पुढचं चाक मोकळं आहे!"

"खाली उतरा गं," बाई म्हणाल्या.

"नको!" काका म्हणाले. "उतरायला लागल्या की शिडीकडं ओढ बसते. आहेत तिथं बसू द्यात. मध्यावर. हलायचं नाही कुणी."

वरून सर्वांत बोलकी मुलगी, जिच्या तोंडाला वर्गात कुलूप लागत नसे, ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाई, हे डुगडुगतंय."

"बस खाली. श्वास घे. बाकी काही करू नकोस."

"बाई, पडदा उघडल्यावर आम्ही धावत कठड्याला यायचंय ना?"

नाटकाची सुरुवातच ती होती. वादळ, दिवे लखलखतात, सहाही जणी धावत कठड्याला भिडतात आणि हात हलवतात. बाईंनी स्वतःच बसवलं होतं.

वॉकीटॉकी खरखरली. "बाई, सात तेवीस. आपण सात मिनिटं पुढे आहोत. पडदा."

"सर, दीपगृह तयार नाही."

"दोन कार्यक्रमांत चार मिनिटं चालतात. चार घ्या."

"सर, मुली वर आहेत."

"मग तयारच आहे की. मामा, पडदा घ्या."

शिपाईमामा दोरीपाशी उभे होते. त्यांच्याही कानाला वॉकीटॉकी होता. त्यांनी दोरीवर हात घट्ट केला.

"मामा, दोरी सोडा."

"बाई, साहेबांचा हुकूम आहे."

"साहेब वर चढलेत का?"

मामांनी मान वर करून पाहिलं. सहा जोडी पाय, आणि त्यांखाली बोल्टांची सहा रिकामी भोकं. त्यांनी दोरी सोडली, खुंटीला गुंडाळली आणि तिच्यापुढे पाठ लावून उभे राहिले. "माझी नोकरी गेली तर तुमच्या घरी येईन जेवायला," ते म्हणाले.

"या. किती वेळ काका?"

"बारा-तेरा मिनिटं. झालं की हातोडीनं फळी ठोकतो."

बाईंनी आपला वॉकीटॉकी मामांच्या हाती दिला. त्यातून मुख्याध्यापक अजून बोलत होते. मग पडद्याची फट सारून त्या बाहेर गेल्या.

समोर भरलेलं सभागृह होतं आणि पहिल्या रांगेत मुख्याध्यापक. ते उठले नाहीत. त्यांनी फक्त मनगटावरचं घड्याळ दिव्याकडे वळवलं, बाईंना दिसेल असं.

काय बोलायचं? पत्रकात त्यांच्या नावावर एकच बोलणं होतं, शेवटचं, आठ पंधराचं. त्यांनी तेच पुढे ओढलं.

"आभारप्रदर्शन," बाई म्हणाल्या.

त्यांनी पाहुण्यांचे आभार मानले. मग पाहुण्यांच्या सौभाग्यवतींचे, ज्या आल्या नव्हत्या. संस्थेचे, सदस्यांचे, माजी सदस्यांचे. पाठीमागे पान्याचा करकर आवाज येत होता. एकदा काहीतरी जड सरकलं आणि कुणीतरी श्वास ओढला. बाईंनी वीज मंडळाचे आभार मानले. खुर्च्या पुरवणाऱ्याचे. खुर्च्यांचे. ध्वनिव्यवस्थेचे मानताना मुख्याध्यापकांनी ध्वनिवाल्याला खूण केली आणि माइक बंद झाला. बाई वर्गात बोलतात तशा बोलू लागल्या. शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायची त्यांना सवय होती.

आणि मग मागच्या रांगांत खुर्च्या वाजू लागल्या. बाईंना आधी कळेना. स्वेटर चढत होते, झोपलेली मुलं खांद्यावर घेतली जात होती. माणसाला लहानपणापासून एकच गोष्ट पक्की शिकवलेली असते: आभार सुरू झाले, की चपला शोधायच्या. थांबा, नाटक आहे, असं म्हटलं असतं तर 'मग पडदा उघडा' असं सगळेच म्हणाले असते. त्यांनी सफाई कर्मचाऱ्यांचे आभार मानले. पाण्याच्या टाकीचे मानले. दारं उघडत होती, मिटत होती. मागून काहीच आवाज येत नव्हता, म्हणून त्यांनी टाकीच्या झाकणाचेही मानले.

सात सदतीसला हातोडी वाजली.

नाटक झालं. मुली धावत कठड्याला आल्या, वादळात हात हलवले, आणि दीपगृह केसभरही हललं नाही. समोर सहा मुलींचे आईवडील होते, मुख्याध्यापक होते, आणि खुर्च्या गोळा करायला आलेली चार माणसं उभ्याने बघत होती. दातांचे डॉक्टर कधीच गेले होते. नाटकानंतर समारोपाचं गीत होतं, पण गायकवृंद पालकांबरोबर घरी गेला होता. आभार होऊन गेले होते. आठ सतराला पडदा मिटला. पत्रकात आठ वीस होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी पत्रकावरच्या 'आठ वीस'खाली रेघ ओढली.

"तीन मिनिटं आधी," ते म्हणाले. राग कुठे धरावा हे त्यांना सापडत नसावं. "पुढच्या वेळी आभार शेवटी घ्या."

"हो सर."

त्यांनी शिफारशीवर सही केली आणि कागद संस्थेकडे गेला. संस्थेने त्या वर्षी कुणालाच कायम केलं नाही.