पिवळा पट्टा

ही गोष्ट २०२१ सालची, आषाढातली. समुद्रपूरच्या आमच्या कृषी केंद्रात मी तेव्हाही दुपारी गल्ल्यावर बसत असे. अण्णाजी, माझे यजमान, जाऊन चार वर्षं झाली होती. दुकान मुलगा सचिन बघायचा, पण औषधांच्या बाटल्या माझ्याइतक्या कुणालाच माहीत नाहीत असं तोही म्हणायचा. तीस वर्षं मी त्या पुसून मांडल्या होत्या. झाकण बघून नाव सांगायचे. अण्णाजी गिऱ्हाइकांसमोर माझे डोळे बांधून पैज लावायचे. बाटली हातात दिली की मी ओळखत असे आणि सगळे हसत.

त्या दुपारी डॉक्टर रीता यांचा फोन आला. गावातच त्यांचा छोटा दवाखाना होता.

"काकू, नागेश म्हणून एक जण आलाय. बाटलीचं सील दातानं फाडलं आणि घोटभर औषध पोटात गेलं. त्याला नाव सांगता येईना, तोंड भाजलंय. बाटली शेतातच राहिली. बायकोनं फोटो पाठवलाय, तुमच्याकडे टाकते."

सील दातानं फाडायची आमच्याकडे सगळ्यांनाच सवय. आमच्या दुकानातसुद्धा कोणी फाडलं तर आम्ही फक्त हसायचो.

फोटो आला. हलल्यामुळे पुसट झालेला. बाटलीचा वरचा अर्धा भाग, त्यावर नागेशच्या बायकोचा, जयाचा अंगठा. पांढरी बाटली, लाल झाकण, तिरका पिवळा पट्टा. नावाची अक्षरं फिसकटलेली आणि खालचा मजकूर कापला गेलेला.

"शार्दूल," मी म्हटलं. "बोंडअळीचं. प्रोफेनोफॉस."

सचिन मोबाइल जवळ धरून बघत होता. "आई, यावरून कंपनी समजते. औषध नाई समजत. आता त्यायच्या सगळ्याच बाटल्या अशा येतात. दुसरा फोटो मागवू. मागच्या बाजूचा, जिथं घटक लिहिला असते."

"शेतात रेंज कुठी हाय? हा एक फोटो कसाबसा आला. तिकडं माणूस मरून राह्यला अन् तू फोटो काढत बस!"

"खाली विष किती जहाल ते रंगानं सांगणारा तिकोन तरी दिसू दे."

"तिकोन पिवळाच राहीन. अर्ध्या औषधायले पिवळाच असते. त्यानं काय समजन?"

इतकं मात्र माझं बरोबर होतं.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "काकू, किती खात्री? डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या नाहीत, लाळ गळत नाही. कीटकनाशकाचं चित्र पूर्ण बसत नाही."

"थोडंच गेलं असेल," मी म्हटलं. "शंभर टक्के शार्दूल."

मी एकच गोष्ट विचारायला हवी होती. नागेश काय करायला गेला होता? कपाशी गुडघ्याएवढी होती. आषाढात बोंडं कुठून येणार? सऱ्यांमधलं तण मारायला माणूस निघतो. आणखी एक गोष्ट होती. त्याच्यासोबत फवारणीला गेलेला आणि त्याला घेऊन आलेला स्वप्निल दवाखान्यातच बसला होता. पाण्यात ओतल्यावर औषध दुधासारखं पांढरं झालं का, एवढं त्याला विचारलं असतं तरी पुरलं असतं. शार्दूल पांढरं होतं. तणनाशक होत नाही. हे दोन्ही मला माहीत होतं.

डॉक्टरांनी शार्दूल धरून उपचार सुरू केले. लक्षणं सौम्य वाटली, म्हणून तिथंच ठेवलं. दम लागतोय म्हटल्यावर ऑक्सिजन लावला.

पाच वाजता एसटीनं जया उतरली. बैल बांधून, घर गाठून, पिशवीत बाटली घेऊन आली होती. दवाखान्याआधी आमचं दुकान लागतं.

"काकू, मले फोटो नीट नाई आला. म्हणून बाटलीच आणली."

मी बाटली उलटी केली. पॅराक्वाट. खाली तिकोन पिवळाच होता. झाकणाला त्या औषधाचे हिरवट डाग होते. फोटोत त्यावर अंगठा आला होता.

"तण मारायचं हाय ना हे?" जयानं विचारलं. "काऊन, काकू? बोला ना."

मी बाटली सचिनसमोर धरली. सचिननं बाटली घेतली आणि दवाखान्याकडे पळाला. या विषाला उतारा नाही. सुरुवातीच्या तासांत पोटातलं विष शोषायला कोळसा द्यायचा असतो, आणि गरज नसताना ऑक्सिजन दिला तर फुप्फुसं आणखी जळतात. डॉक्टरांनी ऑक्सिजनची नळी काढली आणि त्याला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. साडेचार तास गेले होते.

नागेश अकराव्या दिवशी गेला. लवकर कळलं असतं तर वाचला असता का, असं मी वर्ध्याच्या डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले.

डॉक्टर रीता यांनी पुढच्या वर्षी दवाखाना बंद केला, त्या नागपूरला गेल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. स्वप्निल फवारणीला जात नाही, वर्ध्याजवळ पिपरी मेघेत रंगकाम करतो. सचिन आता पुसट फोटोवर नाव सांगत नाही. मागची बाजू, घटक, नोंदणी क्रमांक, औषधाचा रंग, पीक कोणतं, एवढं मागतो. नाही मिळालं तर "नक्की नाही" म्हणतो. जया तण खुरप्यानं काढते, बाया लावून. बाजाराच्या दिवशी दुकानासमोरून जाते, काकू म्हणून हाक मारते.

मी गल्ल्यावर बसत नाही. बाटल्या सचिन पुसतो.