दुर्गाकाकीची भीड

लालबागला चाळीच्या जिन्याखाली माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. वीस वर्षं झाली. माझं डोकं लवकर तापतं हे मीच सांगून टाकतो, नाहीतर गल्लीतलं कुणीतरी सांगेलच. सगळ्यात जास्त तापतं ते गिऱ्हाईक काउंटरला रेलून विचारतं तेव्हा, की सुशांत, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवू का? दाखवा ना. मी काय दोरीने बांधून ठेवलंय?

दुर्गाकाकीने महिन्यापूर्वी हेच विचारलं होतं. काकी परळची, आमच्याच मालवणकडची, माझ्या आईची जुनी मैत्रीण. तिच्या फोनची बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नव्हती. सूनबाई म्हणते दादरला कंपनीचं सेंटर आहे तिथे जाऊ, असं ती जरा चाचरतच म्हणाली. मी तिला असं काही घाबरवलं की विचारू नका. तिथे आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते, मग फोन ठेवून घेतात, आतलं सगळं पुसून टाकतात, नातवाचे फोटो गेलेच समजा, आणि वर दाम तिप्पट. मी अर्ध्या तासात करून देतो. काकीने मान डोलावली. फोन देताना एवढंच म्हणाली की नीट बसव हां, हा अप्पांच्या उशाशी असतो, रात्रभर भजनं लावून ठेवतात.

अप्पा म्हणजे तिचे यजमान. गिरणीतल्या कापसाच्या तुसाने त्यांची छाती कायमची धरली. आता नाकाला नळी लावून घरातल्या ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी बॅटरी बसवली आणि वर फुशारकीने सांगितलं की दोन वर्षं बघायला नको.

त्या बॅटऱ्या मला अजितने दिल्या होत्या. अजित माझा शाळेतला दोस्त, आता पार्ट्सचा धंदा करतो. पाच नग होते. कंपनीचाच माल आहे, फक्त खोका नाही, असं त्याने सांगितलं. एरवी मी नवीन बॅटरी छोट्या काट्यावर तोलून घेतो, लेबल नखाने खरवडून बघतो. त्या दिवशी पाचही नगांवर एकच सीरियल नंबर छापलेला मला दिसला होता. खऱ्या मालावर प्रत्येक नगाचा नंबर वेगळा असतो, हे शेंबड्या शिकाऊलाही कळतं. पण दोस्त समोर चहा पीत बसलेला, त्याला कसं विचारायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

मंगळवारी दुपारी त्याच मॉडेलचा फोन घेऊन एक बाई आल्या. मी खण उघडला आणि उरलेल्या चारांपैकी एक बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली दिसली. एकदाही चार्जिंगला न लावलेली, खणात नुसती पडलेली. नवी बॅटरी अशी फुगत नाही. बाईंना मी उद्या या म्हणून सांगितलं. फुगलेल्या बॅटरीला टोचायचं नसतं, दाबायचं नसतं. तिला अलगद उचलून वाळूच्या डब्यात ठेवली आणि डबा बाहेर, लोकांपासून लांब, उघड्यावर नेला.

मग दुसरा नग घेतला. काट्यावर चोपन्न ग्रॅम भरला, खरी अडुसष्टच्या आसपास भरते. लेबलची कड उचलली तर खाली दुसरं लेबल, चार वर्षांपूर्वीच्या तारखेचं. म्हणजे कुणाच्या तरी टाकलेल्या फोनमधली जुनी बॅटरी, वरून नवा झगा चढवलेली. तोंडाकडची पिवळी पट्टी सोडवली तेव्हा तर हातच थांबले. बॅटरी जास्त चार्ज झाली किंवा शॉर्ट झाली की करंट तोडणारी एक बारीक चिप तिथे असते. तिच्या जागी धातूची पट्टी डाख देऊन सरळ जोडलेली होती. तोडणारं काही नव्हतंच.

पाचवा नग अप्पांच्या उशाशी होता. ऑक्सिजनजवळ ठिणगी म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

वहीतून काकीचा नंबर काढून लावला. स्विच्ड ऑफ. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तेव्हा कळलं की काकीने मला त्याच फोनचा नंबर दिला होता, आणि मी शहाण्याने तोच लिहून घेतला होता. दुसरा नंबर माझ्याकडे नव्हता. शटर अर्धवट ओढून स्कूटरला किक मारली. परळपर्यंत डोक्यात एकच, फोन बंद का आहे, फोन बंद का आहे.

काकीच्या खोलीला कुलूप. शेजारची चंपामावशी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली की खोलीत लादीचं काम काढलंय, म्हणून दोघं आठ दिवस राहुलच्या क्वार्टरला गेलेत, अँटॉप हिलला, देवळासमोरची बिल्डिंग, दुसरा माळा. राहुल म्हणजे काकीचा मुलगा, सरकारी नोकरीतला. त्याचा नंबर मावशीकडेही नव्हता. अप्पा बरे आहेत ना, एवढंच मी विचारलं. परवा जाताना तरी बरे होते, असं ती म्हणाली, आणि त्या परवाने माझा जीव आणखीच टांगणीला लागला.

अँटॉप हिलचा तो जिना मी कसा चढलो ते आठवत नाही. दार काकीनेच उघडलं. मला बघून तिचा चेहरा एकदम उतरला. मी धापा टाकत विचारलं, "काकी, फोन कुठाय?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "आत आसा ना. अप्पांच्या उशाक, चार्जिंगक लावलाय. बॅटरी एकदम फस्क्लास चलता हां तुझी."

मी चपला न काढता आत घुसलो. अप्पा पलंगावर पडून होते, नाकाला नळी, बाजूला मशीन घरघरत होतं. उशीपाशी भिंतीतल्या बोर्डाला एक वायर लावलेली दिसली, ती मी हिसडून काढली आणि अप्पांच्या डोक्याखाली हात घातला. विक्सची बाटली निघाली, चष्म्याचं घर निघालं. फोन नाही. तेवढ्यात मशीन कोकलायला लागलं, कारण मी काढलेली वायर त्याचीच होती. स्वयंपाकघरातून काकीची सून जुई धावत आली, तिने मला बाजूला ढकलून वायर परत लावली आणि सासऱ्यांच्या नाकातली नळी सारखी केली. अप्पा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी उशीखालचं सोनं चोरायला आलोय.

जुईने मला चांगलंच झापलं. मी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं, की फोन कुठे आहे. तिने सासूकडे पाहिलं. काकी दाराआड पदर तोंडाला लावून उभी.

"सेंटरला आहे," जुई म्हणाली. "शनिवारी दिलाय दादरला. त्यांनी तुमची बॅटरी तेव्हाच काढून टाकली. उद्या नवीन बसवून देणार आहेत."

मी जमिनीवर बसलो. शनिवारपासून तो फोन अप्पांच्या उशाशी नव्हताच. अप्पा जिवंत होते, काकी जिवंत होती, मशीन घरघरत होतं. मला इतकं हलकं वाटलं की हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

मग जुईने सगळं सांगितलं. फोन चार्जिंगला लावला की तव्यासारखा तापायचा, मागचं झाकण एका कडेने उचललं होतं. काकीला दिसत होतं, पण मला सांगायला तिचं तोंड उघडेना. मैत्रिणीचा मुलगा, आपल्याच गावचा, त्याला नावं कशी ठेवायची? शेवटी जुई तिला ओढूनच दादरला घेऊन गेली. सेंटरच्या माणसाने झाकण उघडलं, बॅटरी दाखवली आणि ही आमची नाही, फुगायला लागली आहे, ही परत फोनमध्ये घालणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. बॅटरी नीट नष्ट करायची म्हणून तिथेच ठेवून घेतली. नातवाचे फोटो कुणी पुसले नव्हते. डेटाची कॉपी काढून ठेवा, गेला तर आमची जबाबदारी नाही, अशा कागदावर फक्त सही घेतली होती. कॉपी जुईने आधीच काढली होती. दाम मात्र मी सांगितला होता तसा तिप्पटच निघाला.

काकी पुढे आली आणि माझ्या शेजारी टेकली. "तुका वायट वाटात म्हणान बोलूक नाय रे," ती म्हणाली. "आज तू दारात दिसलंस, तर माका वाटला कोणी तुका जावन सांगितला. म्हणान खोटा बोललंय."

तिला वाटत होतं की मी भांडायला आलोय. एवढी वर्षं मी गिऱ्हाइकांना जे दरडावलं होतं, ते इथवर पोचलं होतं. तापलेला फोन नवऱ्याच्या उशाशी ठेवणं तिला सोपं वाटलं, मला सांगणं अवघड वाटलं. याची मला जन्माची लाज वाटली.

मग मी सगळं ओकून टाकलं. फुगलेली बॅटरी, जुन्या तारखेचं लेबल, चिपच्या जागची पट्टी. आणि एकसारखे नंबर मला आधीच दिसले होते, तरी मी अजितला विचारलं नाही, हेही सांगितलं.

काकीने विचारलं, "म्हणजे तो हयसर पेटलो असतो?"

"पेटला असता, काकी."

ती उठली, पलंगाच्या कडेला बसली आणि अप्पांच्या पायावर हात ठेवून राहिली. जुईने मला पाणी दिलं. तिथूनच मी अजितला फोन लावला आणि या मालाचा एकही नग कुणाला देऊ नकोस, दिलेले परत माग, मी संध्याकाळी येतोय, असं सांगितलं. त्याने दोस्तीचा विषय काढला. मी काही ऐकून घेतलं नाही. चारही बॅटऱ्या ई-कचरावाल्याला द्यायच्या आणि यापुढे बिलाशिवाय माल घ्यायचा नाही, हे मी पाणी पितानाच ठरवलं.

निघायला उठलो तेव्हा काकी दारापर्यंत आली. "मगे मी तुझ्याकडे येवचा की नाय?" तिने विचारलं. अजूनही मला राग आला असेल अशी तिला धास्ती वाटत होती.

मी म्हटलं, "या. पण बॅटरी बसवायच्या आधी हातात घेऊन बघा, बिल मागा. मी चिडलो तरी मागा. फोन तापला तर माझ्या तोंडावर सांगा. आणि मला न विचारता दादरला गेलात ना, ते फार बरं केलंत."

काकीने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग तिने पदर खोचला.

"तोंडार सांगू? मगे आताच सांगतंय. तुझी चूक लय मोठी हा, सुशांत. आणि तुझ्या त्या रागाक घाबरान माझो घोव गेलो असतो."

मी मान खाली घालून ऐकत होतो. ती थांबायला तयार नव्हती, जिन्यात शेजारचे डोकावायला लागले, आणि इतकी गोड बोलणी मी जन्मात खाल्ली नव्हती.