घर दोनदा मोजलेला तक्ता

बँकेतल्या मॅडमनी कर्जाच्या तक्त्यावर पेन ठेवलं आणि ते तिथून हलेचना. धाकटी खुर्चीत पुढे सरकली. तक्ता तिनेच केला होता, रात्रभर जागून नव्हे, अगदी मजेत, शेंगा खात!

"हे तीन लाख कुठले?"

"आईचं घर," धाकटी ठसक्यात म्हणाली. शेजारी ताई दातांच्या साच्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. कृत्रिम दात बनवण्याच्या तिच्या लॅबसाठी वीस लाख हवे होते. बँक पंधरा देणार, उरलेले पाच ताईचे. ताईकडे रोख होते दीड. राहिलेला खड्डा धाकटीने बुजवला: 'मामा' म्हणून उसने पन्नास हजार, 'घर' म्हणून तीन लाख. बेरीज कशी बरोबर आली होती!

"घर तर खाली तारणातही लिहिलंय. घर गहाण ठेवता येतं बाई, बिलापोटी देता येत नाही. दुकानदाराला काय दोन खोल्या नेऊन देणार?" मॅडमच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त भीतीदायक होतं. "आणि मामांचे पैसे धरायचे तर कर्ज फिटेपर्यंत परत मागणार नाही, असं त्यांनी लिहून द्यायला हवं."

"मामा आणि लिहून देणार?" ताई पुटपुटली. "तो लग्नातला आहेरही परत मागतो."

शुक्रवारी मशीनवाल्याने दिलेली मुदत संपत होती. ती चुकली तर त्याला आगाऊ दिलेले दोन लाख परत मिळणार नव्हते. धाकटीचे कान तापले. आणि एकदम ती ओरडली, "ताई, ते दोन लाख! ते मी मांडलेच नाहीत!"

"चेकने दिलेत? पावती आहे?" मॅडमनी पेन उचललं. ताईने मान हलवून होकार दिला. "मग तो तुमचाच हिस्सा. सीएचा दाखला जोडा. म्हणजे दीड आणि दोन, साडेतीन. तुमचा हिस्सा पंचवीस टक्के लागतो; तो साडेतीन असेल, तर प्रकल्प चौदा लाखांचा."

"म्हणजे सहा लाख कमी करायचे?" धाकटीने विचारलं.

ताईने यादी ओढून घेतली. मशीन नऊ, भट्टी चार, खेळत्या भांडवलाला एक. एवढंच राहिलं. काचेचं केबिन, सोफे, चमकती पाटी यांवर तिने सरळ रेघ मारली. पाटीचं चित्र धाकटीने काढलं होतं. 

"मंजुरी माझ्या हातात नाही," मॅडम म्हणाल्या, "पण आता हे वर पाठवायला लाज वाटणार नाही. तारणाच्या सहीला आईंना उद्या घेऊन या."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर धाकटी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. बँक साडेदहा, आपले साडेतीन. बेरीज जुळली. खाली तारणाच्या रकान्यात 'आईचं घर' तसंच होतं, आता एकदाच. काल हे शब्द तिने शेंगा खाता खाता लिहिले होते.

"काय गं, थांबलीस?"

"ताई, हप्ते थकले तर हे जाईल ना?"

ताईने साच्याची पिशवी पुन्हा घट्ट धरली. "म्हणूनच पाटी खोडली," ती म्हणाली. "टाईप कर."