ताळा राहून गेला

त्या रविवारी बाबांना कसलीच घाई नव्हती. घाई होती ती मला. दुपारी दीडची पुण्याची गाडी गाठायची होती आणि त्याआधी त्यांचा जुना मोबाईल विकून टाकायचा होता. नवा मी शुक्रवारी येतानाच आणला होता. जुना कोल्हारच्या हमरस्त्यावरचा मोबाईल दुकानवाला गहिनीनाथ घेणार होता. त्याच्याकडे गिऱ्हाईक तयार होतं.

"या भाऊसाहेब. आज लेकीला घिऊन?" तो म्हणाला. बाबा शाळेत तीस वर्षं लेखनिक होते. गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं, आणि गहिनीनाथच्या दाखल्यावरचं अक्षर त्यांचंच.

"आधी फोटो," बाबांनी मोबाईल हातातून सोडला नाही. "फोटो नव्यात गेल्याशिवाय हा पुसायचा नाही."

"केबल लावतो की. ह्यातलं समदं त्यात. अर्धा-पाऊण तास लागंल."

मी घड्याळाकडे पाहिलं. "त्याची गरज नाही. फोटो सगळे क्लाउडवर आहेत. नव्यात त्यांचं खातं उघडलं की दिसतील."

"ताई, एकदा फोल्डर बघून घ्या. कंदी कंदी..."

"बघितलंय मी."

मी बघितलं होतं ते एवढंच: फोटोंचं ॲप उघडलं, कोपऱ्यातल्या त्यांच्या नावाच्या गोलावर बोट ठेवलं, 'बॅकअप पूर्ण झाला' असं लिहून आलं. नव्या मोबाईलवर तेच ॲप उघडलं तर भगवतीची यात्रा, प्रवरेचा पूल, आईने घातलेल्या कुरडया, सगळं भराभर खाली सरकत आलं. बाबा चष्मा वर करून बघत राहिले.

"आता ताळा करू," ते म्हणाले. "जुना तू धर. तू वाच, मी बोट ठेवतो."

शाळेत निकालपत्रकाचा ताळा ते असाच करायचे. एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने त्या आकड्यावर बोट ठेवायचं, मगच पुढचा. माझ्या लहानपणी मे महिन्यात ओसरीवर हे दिवसभर चालायचं आणि वाचायला मला बसवायचे.

"बाबा, हा काय दहावीचा निकाल आहे? हजारो फोटो आहेत."

गहिनीनाथ हसला. "भाऊसाहेब, तुमी आमचे मार्क असे तपासले म्हणून तर आमी नापास झालो."

बाबाही हसले. मग मला म्हणाले, "आणि भेटीचे?"

"सगळे, बाबा. सगळे म्हणजे सगळे."

भेटीचे म्हणजे कुठले, हे मी विचारलं नाही.

"नक्की ना?"

"हो."

जुन्यातून त्यांचं खातं मी स्वतः काढलं, नाहीतर पुढच्याला तो चालू करता आला नसता. मग रीसेट दाबलं. पडदा काळा झाला आणि थोड्या वेळाने त्याने भाषा कोणती हवी ते विचारलं. बाबांनी तो दोन्ही हातांनी गहिनीनाथला दिला. गाडी दहा मिनिटं उशिरा आली. तेवढ्या वेळात स्टँडवर त्यांनी मला उसाचा रस पाजला.

रात्री आठला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. सोमवारच्या मीटिंगची तयारी चालली होती. मी मोबाईल लॅपटॉपला टेकवून ठेवला.

"नवा चांगला आहे. स्पष्ट दिसतेस," ते म्हणाले. "जरा इकडे बघ."

"ऐकतेय मी. बोला."

"काही नाही. जेवलीस?"

"जेवेन. बाबा, उद्या बोलू?"

"हो, हो. उद्या."

सोमवारी पहाटे ते दूध तापवत ठेवायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारातच बसले. लोणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

चौदाव्याच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "तुझा आणि त्यांचा एखादा फोटो काढून आण. मोठा करून. मला देवघराशेजारी लावायचाय."

मी नव्या मोबाईलवर शोधत बसले. यात्रा होती, पूल होता, कुरडया होत्या. मी होते, ते होते, पण एका फोटोत दोघं नव्हतो. फोटो काढणारे नेहमी तेच.

"एकत्र नाहीये गं एकही."

"असं कसं? भेटीचे आहेत की."

"कुठले भेटीचे?"

आईने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "तू त्या फोनवर दिसायचीस, तेव्हा काढायचे ना ते! दोन बटणं एकदम दाबली की पडद्याचा फोटो निघतो, ते त्यांना असंच कधीतरी चुकून सापडलं. तू मोठी आणि कोपऱ्यात हे, एवढेसे. प्रत्येक रविवारचा एक. म्हणायचे, आपली लेक नेहमी काहीतरी लिहीत असते बघ."

लिहीत नव्हते मी. खाली लॅपटॉपकडे बघत होते.

तेव्हा मी फोटोंच्या ॲपची सेटिंग उघडली, जी दुकानात उघडायला हवी होती. कॅमेऱ्याने काढलेले फोटो आपोआप वर जातात. मोबाईलमधली बाकीची फोल्डर एकेक करून सुरू करावी लागतात. स्क्रीनशॉटचं बंद होतं. जुन्यातही बंदच असणार. 'पूर्ण झाला' हे खोटं नव्हतं. जेवढं सांगितलं होतं, तेवढं पूर्ण झालं होतं.

मी चालत गहिनीनाथकडे गेले. त्याने मला बसायला स्टूल दिलं.

"फोन तर मंगळवारीच गेला, ताई. पन माझ्याकडं असता तरी उपेग न्हाई. आत समदं कुलपात असतंय. रीसेट केलं की किल्लीच मोडती. मग डेटा रिकव्हरीवाले कितीबी पैसे घेऊ द्या." केबल लावतो म्हणालो होतो, हे तो बोलला नाही. मी उठले तेव्हा त्याने नुसतं विचारलं, "भाऊसाहेबांना कळलं हुतं का?"

मला वाटत होतं, नसेल कळलं. निदान एवढं तरी.

घरी आल्यावर आईला विचारलं. तिने निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले.

"त्या संध्याकाळी तासभर शोधत होते. मी म्हटलं, तिला फोन करून विचारा. तर म्हणाले, नको. तिला कळलं तर ती 'माझ्यामुळे गेले' म्हणत बसेल. रुचाला सांगायचं नाही. नवीन काढू की, म्हणाले, रविवार काय कमी आहेत?"

मग त्यांनी मला आठ वाजता कॉल केला होता. रविवार होता म्हणून, मी दुपारीच भेटून गेलेली असूनही.

मी त्यांच्या नव्या मोबाईलमधलं स्क्रीनशॉटचं फोल्डर उघडलं. आत एकच फोटो. माझा चेहरा लॅपटॉपच्या उजेडात, डोळे खाली. कोपऱ्यात बाबा, नखाएवढे, थेट माझ्याकडे बघत.

मी त्या फोल्डरचा बॅकअप सुरू केला. मग माझ्या मोबाईलवर त्यांचं खातं घातलं आणि फोटो तिथे येईपर्यंत थांबले. आईला शेजारी बसवलं, माझा मोबाईल तिच्या हातात दिला आणि बाबांचा मी धरला.

"मी वाचते, तू बोट ठेव," मी म्हटलं. "रविवार, रात्रीचे आठ वाजून चार मिनिटं."

आईने काचेवर बोट ठेवलं. बाबांच्या चेहऱ्यावर बरोबर.

"आहे," ती म्हणाली.

मी कोपऱ्यातल्या त्या एवढ्याशा चेहऱ्याकडे बघून मोठ्याने म्हटलं, "बाबा, मी बघितलंच नव्हतं. न बघताच हो म्हटलं मी."