दुरुस्तीचा अर्ज

वहिनींचं चार पानी पत्र वाचून दिरांनी चष्मा काढला. ते बँकेतूनच हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले.

"वहिनी, हे मॅनेजरला लिहायचंय, माहेरी नाही."

वहिनी कितीतरी दिवसांनी हसल्या. पेन्शनच्या संयुक्त खात्यात बँकेनं त्यांच्या यजमानांऐवजी त्यांनाच मयत दाखवलं होतं. तीन महिने झाले, कुटुंब निवृत्तिवेतन अडकलं होतं आणि औषधं दीर आणून देत होते.

दिरांनी कोऱ्या कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "विषय : पेन्शन खात्यातील चुकीची नोंद दुरुस्त करणेबाबत. महोदय, सदर खात्याचे प्रथम खातेदार, माझे पती, मयत झाले असून ती नोंद चुकून माझ्या नावापुढे झाली आहे. ती दुरुस्त करून मला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करावे, ही विनंती. सोबत मृत्यूचा दाखला जोडला आहे."

"म्हणजे बँकेत ते अजून आहेत?"

"कागदोपत्री, हो."

वहिनींनी पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. "भावजी, सही उद्या केली तर चालेल?"

दिरांनी मान हलवली. तारखेची जागा त्यांनी कोरीच सोडली.