मागे कोणी म्हणायचे नाही

मित्रांनो, मी एक जुना टाळ आहे. काशाच्या दोन जाड चकत्या, मधोमध फुगीर, आणि दोघींना जोडणारी दोरी, एवढाच माझा संसार. कासाराने मला फुटक्या भांड्यांतून घडवले. तांब्यात कथील कमी पडले तर आवाज बसका निघतो, जास्त झाले तर टाळ तडकतो. त्याचा हात अचूक होता, म्हणून मी खणखणीत निघालो. पण भट्टीची धग मी विसरलो नाही. आम्हा काशाच्या वस्तूंना मरण नसते, वितळणे असते, आणि वितळल्यावर आपण कोण होतो ते आठवत नाही. ही भीती घेऊनच मी जन्मलो.

मला घेतले ते आक्काने. ती दोर वळणारी विधवा होती. दोराचे एक टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचे, कमरेला ताग बांधायचा आणि चिमटीतून धागा सोडत मागे मागे चालायचे, हे तिचे काम. देवळातल्या घंटेचा दोर तिनेच वळला होता. घंटा मात्र तिने कधी वाजवली नव्हती. तिच्या जातीच्या माणसांनी पायऱ्यांच्या खाली उभे राहायचे. आत जी स्तोत्रे चालत ती शास्त्राच्या भाषेत. ती भाषा शिकण्याचा अधिकार मोजक्या पुरुषांना होता. देवाशी बोलायचे तर त्यांच्यामार्फत.

त्या काळी ठिकठिकाणी एक वेगळीच माणसे गाऊ लागली होती. कोणी शिंपी, कोणी विणकर, कोणी घरोघर भांडी घासणारी. ती देवाशी आपल्या घरच्या भाषेत बोलत. आक्काही त्यांतलीच. मागे चालताना तिच्या पावलांवर शब्द येत:

दोर माझ्या हाती । पीळ तुझा त्याला ।
सोडू नको मला । अर्ध्यावर ॥

मोजून पाहा. सहा अक्षरे, पुन्हा सहा, पुन्हा सहा आणि शेवटी चारच. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचे यमक जुळते, म्हणून शब्द डोक्यातून निसटत नाहीत. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी ही सोय फार मोठी होती. संध्याकाळी कामे आटोपली की तिच्या अंगणात शेजारी जमत. आक्का एक ओळ म्हणे आणि थांबे. तीच ओळ सगळे मागे म्हणत. अशी प्रत्येक ओळ दोनदा होई, आणि उठताना पद ज्याच्या त्याच्या तोंडी बसलेले असे. ना पुजारी, ना दक्षिणा, ना कोणाची परवानगी. पदाच्या शेवटच्या कडव्यात ती आपली खूण घाली:

दोरीवाली म्हणे । दारी उभी आहे ।
वाट तुझी पाहे । बाहेरून ॥

हीच खूण पुजाऱ्यांच्या कानावर गेली. मोठ्या पुजाऱ्यांनी सभा भरवली आणि निकाल सांगितला. "तिला गाऊ द्या. पण मागे कोणी म्हणायचे नाही. जो म्हणेल त्याला विहीर बंद, बाजार बंद. कोणी म्हटल्याचे उघड झाले, तर बाईला गावाबाहेर काढायचे आणि तो टाळ भट्टीत घालायचा."

मोठे पुजारी हुशार होते. गाणे कशावर जगते ते त्यांनी ओळखले होते.

त्या संध्याकाळी शेजारी आले, पण दूरदूर बसले. कुंभार म्हणाला, "आक्का, तू गा. आम्ही नुसत्या माना डोलावतो. मानेवर तर बंदी नाही ना?"

"तुझी मान आधीच सैल आहे," त्याची बायको म्हणाली. "उगाच पडायची."

कोणी हसले नाही. कुंपणापाशी देवळाचा पहारेकरी उभा होता. लठ्ठ होता, सगळे त्याला ढोल्या म्हणत. आक्काने ओळ म्हटली आणि थांबली. मी वाजलो. त्यापुढे शांतता. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तरी तिने दुसरी ओळ म्हटली आणि पुन्हा थांबली. पुढे रोज हेच. जमणारे कमी होत गेले. आक्का रोज थोडी म्हातारी दिसू लागली.

मग एकदा, ती थांबली असताना, अंधुक उजेडात कोणीतरी हळूच ओळ म्हटली. कोण, ते कळले नाही. ढोल्याने मान वळवली.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या पुजाऱ्यांच्या घराच्या ओसरीवर पुराव्यासाठी पडलो होतो. खाली अंगणात आक्का उभी होती, कुंभार आणि त्याची बायकोही. कासारालाही बोलावले होते. त्याच्या हातात सांडशी होती. मला घडवणारा हातच मला वितळवणार होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"काय म्हटले गेले?" मोठ्या पुजाऱ्यांनी विचारले.

ढोल्याच्या कपाळावर घाम होता. "पद म्हटलं, महाराज."

"कोणते? शब्द सांग. शब्दांवाचून दोष कसा ठरवायचा?"

"नुसते शब्द नाही आठवत. चालीवर सांगितलं तर येतील."

"मग चालीवर सांग."

त्याने डोळे मिटले. रोज कुंपणापाशी उभा राहून त्याने आरोपासाठी म्हणून सगळे ऐकले होते. भसाड्या आवाजात त्याने पहिली ओळ म्हटली आणि सवयीने थांबला.

त्या थांबलेल्या जागेत, घराच्या आतून, एका म्हातारीचा आवाज आला. तीच ओळ.

सगळे गार पडले. दारात मोठ्या पुजाऱ्यांची आई आली, भिंतीला धरून. "पुढचं म्हण रे. जरा सावकाश."

"आई, तू आत जा."

"जाते. आधी ऐकू दे." ती उंबऱ्यावर बसली. "तुझ्या वडिलांची स्तोत्रं ऐकली, तुझी ऐकली. कानाला गोड. पण देवाला तुम्ही काय सांगत होता, ते मला कोणी शिकवलं नाही. हे एकदा ऐकलं आणि कळलं." मग ती म्हणाली, "मी मागे म्हटलंय, बाळ. आता मलाही विहीर बंद कर."

मोठ्या पुजाऱ्यांचा चेहरा मला खालून दिसत होता. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. माझ्यासारखीच, वितळण्याची. ते उठले आणि देवळाकडे निघून गेले. बंदी उठवली असे त्यांनी कधीच सांगितले नाही. ढोल्याने मला उचलून आक्काच्या हातात दिले.

संध्याकाळी आक्काचे अंगण भरले. आक्काने ओळ म्हटली आणि थांबली. मला वाटले, संपले. मग कुंभाराची बायको म्हणाली, मग कुंभार, मग कुंपणापलीकडून ढोल्या. भीत भीतच म्हणाले, पण म्हणाले.

देवळाचे दार आक्कासाठी उघडले नाही, हे मी खरे सांगतो. ती अखेरपर्यंत पायऱ्यांखालीच उभी राहिली. पण तिची पदे गावोगाव गेली, कारण ती माणसांच्या तोंडी होती. कोणाकोणाची तोंडे बंद करणार?

पुढे मी अनेक हातांत फिरलो. माझी कड झिजली. आता मी एका काचेच्या कपाटात आहे. लोक येतात, वाकून बघतात, पुढे जातात. मला कोणी हात लावत नाही. भट्टीची भीती आता उरली नाही. भीती वाटते ती त्या शांततेची.

मित्रांनो, माझी धूळ पुसलीत तर बरे वाटेल, पण तेवढ्याने माझी काळजी घेतली असे होत नाही. तुमच्या घरी कोणी म्हातारे माणूस आपल्या भाषेत एखादी ओळ म्हणून थांबले, तर लक्ष द्या. ते विसरलेले नसते. ती जागा त्याने तुमच्यासाठी सोडलेली असते.